पटलाविना कप्पे : वायुपुटिका आणि कार्बोक्सिसोम

जीवाणूची व्याख्या बराच काळ नकाराने केली जात होती. १९६२ साली स्टॅनियर व व्हॅन नील या दोन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी जीवाणूच्या संकल्पनेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातही मुख्य भर जीवाणूत काय नसते यावरच आहे. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या पेशीत केंद्रकाभोवती पटल असते, श्वसनाचे व प्रकाशसंश्लेषणाचे कार्य पटलांनी वेढलेल्या स्वतंत्र अंगकांत चालते. जीवाणुपेशीत अशी अंगके नाहीत. या विधानात आजही तथ्य आहे. नील-हरित शैवले, ज्यांना आता सायानोबॅक्टेरिया म्हणतात, त्यांच्यात प्रकाशसंश्लेषक पटलांचे थर असतात, हा अपवाद त्याच्या जोडीला सांगावयास हवा, एवढेच. परंतु अंगके नाहीत याचा अर्थ पेशीत कप्पेच नाहीत, असा घेतला गेला आणि तेथे चूक झाली. कारण जीवाणूंत कप्पे आहेत. मात्र त्यांच्या भिंती स्निग्ध द्रव्यांच्या पटलाच्या नसून निव्वळ प्रथिनांच्या आहेत.

अशा कप्प्यांपैकी दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे : वायुपुटिका आणि कार्बोक्सिसोम. दोन्ही वायूशी संबंधित आहेत, दोन्ही प्रामुख्याने नील-हरित शैवलांच्या निमित्ताने अभ्यासिले गेले, आणि दोन्हींच्या बाबतीत ‘पिशवी’ ही आपल्या मनातील प्रतिमा प्रारंभी वाट चुकविते. पिशवीचे काम आतील वस्तू आत ठेवणे. परंतु या दोन कप्प्यांच्या भिंतींचे कार्य काय, असे विचारले तर उत्तर वेगळे येते. पहिलीचे काम वायू कोंडणे हे नाहीच. ती केवळ पाण्याला अडविते. दुसरी वायूला अडविते खरी, परंतु तो वायू बाहेरून आणून साठविलेला नसतो. तो आतच निर्माण होतो. ही उत्तरे ज्या प्रयोगांनी मिळाली, ते प्रयोग क्रमाने पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

वायुपुटिकेचा इतिहास एका हातोडीपासून सुरू होतो. तळ्याच्या पृष्ठभागावर कधी कधी नील-हरित शैवलांची दाट साय येते. त्यांच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली काही चमकदार, अनियमित आकाराचे भाग दिसतात. हे भाग वायूने भरलेले आहेत काय, हा प्रश्न होता. १८९५ साली क्लेबान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने अशा शैवलयुक्त पाण्याने एक बाटली काठोकाठ भरली, तीत बूच बसविले आणि बुचावर हातोडीचा ठोका मारला. पाणी जवळजवळ असंपीड्य असल्यामुळे ठोक्याचा दाब क्षणात सर्व बाटलीभर पसरला. पाण्याचा दुधाळ गढूळपणा तत्काळ नाहीसा झाला, रंग गडद दिसू लागला, आणि ज्या पेशी एरवी वर तरंगल्या असत्या त्या हळूहळू तळाशी बसल्या. गढूळपणा जाण्याचे कारण असे की, वायूने भरलेल्या जागा प्रकाश तीव्रतेने विखुरतात. त्या जागा मोडल्या की विखुरणे थांबते. पेशी बुडण्याचे कारण तर उघडच आहे.

या चमकदार भागांना ‘रिक्तिका’ म्हणण्याची पद्धत पडली. पुढे १९६५ साली बोवेन व जेन्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले तेव्हा प्रत्येक रिक्तिका ही एकसंध पोकळी नसून, मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे रचून ठेवलेल्या पुष्कळ दंडगोलाकार नळ्यांचा जुडगा आहे, असे आढळून आले. या नळ्यांची दोन्ही टोके शंकूसारखी निमुळती असतात. नळीची रुंदी सुमारे ७५ नॅनोमीटर भरली. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या एकेका नळीला ‘पुटिका’ हे नाव मिळाले. पुटिका म्हणजे लहान पिशवी किंवा फुगा. रिक्तिका म्हणजे लहानशी रिकामी जागा. नव्या नावाने रचनेचे वर्णन अधिक नेमके झाले, परंतु कार्याच्या दृष्टीने जुने नावच सत्याला अधिक धरून होते, हे पुढे दिसेल.

फुगा म्हटला की आपण दोन गोष्टी गृहीत धरतो. पहिली, आतील वायू कोणीतरी भरला आहे. दुसरी, त्या वायूच्या दाबामुळेच फुगा ताठ राहिला आहे. १९६९ साली अँथनी वॉल्सबी यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनी दोन्ही गृहीतके निकालात काढली. पुटिकेची भित्ती वायूंना अडवीतच नाही. पाण्यात विरघळलेले नायट्रोजन, ऑक्सिजन इत्यादी वायू तिच्यातून मुक्तपणे आतबाहेर करतात, आणि आतील वायू नेहमी सभोवतालच्या पाण्यात विरघळलेल्या वायूशी समतोलात असतो. म्हणून पुटिकेत वायू साठविला जात नाही. पेशी फक्त एक जागा निर्माण करते. वायू त्या जागेत आपोआप येतो.

मग तीत पाणी का शिरत नाही ? याचे उत्तर भित्तीच्या घडणीत आहे. भित्ती सुमारे दोन नॅनोमीटर जाड, म्हणजे प्रथिनाच्या केवळ एका रेणुथराची असते. तिचा मुख्य घटक एकच लहानसे प्रथिन असून त्याच्या असंख्य प्रती बरगड्यांसारख्या ओळींत एकमेकींना जोडल्या जातात. दोन बरगड्यांमधील अंतर सुमारे साडेचार नॅनोमीटर असते. २०२३ साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने या प्रथिनाची मांडणी जवळजवळ अणूंच्या पातळीपर्यंत पाहता आली. प्रथिनाची जी बाजू पोकळीकडे असते ती पाण्याला दूर सारणारी असते, त्यामुळे पाण्याची वाफ आत गेली तरी तिचे थेंब तेथे बनत नाहीत. बाहेरच्या बाजूने दुसरे एक प्रथिन बरगड्यांना आडवे बांधून घेते व त्यामुळे सांगाड्याला बळकटी येते.

या रचनेचा परिणाम असा की, पुटिका टिकते ती केवळ भित्तीच्या ताठपणावर. हे एका उदाहरणाने पाहू. तळ्यात वीस मीटर खोलीवर पाण्याचा भार सुमारे दोन वातावरणीय दाबांइतका असतो. तेथील पाण्यात विरघळलेला वायू मात्र पृष्ठभागाशी समतोल साधून आलेला असल्यामुळे पुटिकेतील वायूचा दाब एका वातावरणाच्या आसपासच राहतो. म्हणजे जादा भार वायू उचलीत नाही. तो सर्वस्वी भित्तीवर पडतो. त्यात पेशीचा स्वतःचा अंतर्गत ताण मिळवावा लागतो, कारण पेशीत विरघळलेल्या पदार्थांमुळे पाणी आत ओढले जाते व पेशीतील द्रव कायम दाबाखाली असतो. हा ताण चार वातावरणे आहे असे धरल्यास भित्तीवरील एकूण भार सहा वातावरणांचा होईल. अ‍ॅनाबीना या शैवलाच्या पुटिका सरासरीने साधारणतः इतक्याच दाबाला मोडतात. म्हणजे अशा पेशीतील निम्म्याच्या आसपास पुटिका त्या खोलीवर नष्ट झालेल्या असतील.

मोडलेली पुटिका पुन्हा फुगत नाही, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. तिच्या भिंती चपट्या होतात, आतील वायू पाण्यात विरघळून जातो, आणि पेशीला नवी पुटिका आरंभापासून बांधावी लागते. प्रथम दोन शंकू तळाशी जोडल्यासारखा एक बारीक आकार तयार होतो, मग त्याच्या मध्यभागी दंडगोल वाढत जातो. जागा जशी वाढते तसा वायू तीत पाझरतो.

पुटिकेच्या या ठिसूळपणाचा संशोधकांनी मोठा चातुर्याने उपयोग करून घेतला आहे. जिवंत जीवाणूतील अंतर्गत ताण सुई टोचून मोजणे जवळजवळ अशक्य आहे. परंतु पेशींचा द्राव एका बंद नळीत घेऊन दाब हळूहळू वाढवीत नेला व गढूळपणा किती कमी होतो ते नोंदविले, तर कोणत्या दाबाला किती पुटिका मोडल्या ते कळते. हाच प्रयोग एकदा साध्या पाण्यात व एकदा साखरेच्या दाट द्रावणात करावा. साखरेच्या द्रावणात पेशीतील पाणी बाहेर ओढले जाऊन अंतर्गत ताण नाहीसा होतो, त्यामुळे पुटिका मोडण्यास बाहेरून अधिक दाब द्यावा लागतो. दोन दाबांमधील फरक म्हणजेच पेशीचा अंतर्गत ताण. या रीतीने डिन्सडेल व वॉल्सबी यांनी १९७२ साली दाखविले की, तीव्र प्रकाशात अ‍ॅनाबीनाच्या पेशीतील ताण वाढतो, त्या वाढीने दुबळ्या पुटिका मोडतात आणि पेशी प्रखर उजेडापासून दूर, खाली जाते. सर्वच शैवलांना मात्र ही युक्ती साधत नाही. मायक्रोसिस्टिसच्या पुटिका इतक्या बळकट असतात की ताणाच्या वाढीने त्या मोडत नाहीत. तेथे पेशी प्रकाशात साठविलेल्या कर्बोदकांच्या वजनाने खाली जाते.

बळकट पुटिका इष्ट असेल तर सर्वांनीच ती का बांधू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. भित्तीची जाडी सर्वत्र सारखीच असल्यामुळे बळकटी मुख्यतः रुंदीवर अवलंबून राहते : नळी जितकी अरुंद तितकी ती अधिक दाब सोसते. परंतु अरुंद नळीत तेवढ्याच पोकळीसाठी अधिक भित्ती, म्हणजेच अधिक प्रथिन, खर्ची पडते. उथळ मिठागरांत राहणाऱ्या हॅलोबॅक्टेरियमच्या पुटिका रुंद असून सुमारे एका वातावरणाच्या दाबालाच मोडतात. तेथे त्यांना त्याहून अधिक बळाची गरज पडत नाही. याच्या उलट स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवराची स्थिती. ते १३६ मीटरपर्यंत खोल आहे. हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन खाली जाते व त्याबरोबर प्लँक्टोथ्रिक्स या तांबड्या शैवलाचे तंतूही खोल ओढले जातात. ज्यांच्या पुटिका त्या खोलीवर मोडतात ते तंतू वसंतात पुन्हा वर येऊन प्रकाश गाठण्यात मागे पडतात. या सरोवरातून वेगळ्या केलेल्या वाणांत कमीअधिक बळाच्या पुटिका आढळल्या, आणि त्यांतील फरक रुंदीशी व बाहेरून बांधणाऱ्या प्रथिनाच्या प्रकारांशी निगडित असल्याचे दिसून आले.

आता दुसऱ्या कप्प्याकडे वळू. १९५६ साली ड्रूज व निक्लोविट्झ यांनी एका नील-हरित शैवलाच्या पेशीत अनेक बाजू असलेले कणांसारखे पिंड पाहिले. ते काय करतात हे कळत नसल्यामुळे त्यांना केवळ आकारावरून ‘बहुफलकी पिंड’ असे नाव पडले. १९७३ साली शाइव्हली व त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधकावर जगणाऱ्या एका जीवाणूतून हे पिंड शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यांत रुबिस्को हे एंझाइम खच्चून भरलेले आहे असे आढळल्यावर त्यांना ‘कार्बोक्सिसोम’ हे कार्यवाचक नाव देण्यात आले.

रुबिस्को हे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड सेंद्रिय रेणूत बांधणारे एंझाइम. त्याचे दोन दोष प्रसिद्ध आहेत. ते अत्यंत मंद आहे, आणि कार्बन डाय-ऑक्साइडऐवजी ते ऑक्सिजनलाही धरते. मग आधी केलेले काम काही अंशी वाया जाते. त्याच्याभोवती कार्बन डाय-ऑक्साइड पुष्कळ असेल तर दोन्ही दोष झाकले जातात. परंतु हा वायू लहान व विद्युत्‌भाररहित असल्यामुळे पेशीच्या पटलातून सहज निसटतो. तो पेशीत साठविणे म्हणजे चाळणीत पाणी धरण्यासारखे आहे.

शैवलाने यातून काढलेली वाट अशी. पेशी कार्बन डाय-ऑक्साइड न साठविता बायकार्बोनेट साठविते. बायकार्बोनेटवर ऋण विद्युत्‌भार असल्यामुळे ते पटलातून निसटत नाही, आणि पटलातील पंप ते सतत आत खेचतात. त्यामुळे पेशीत त्याचे प्रमाण बाहेरच्या कितीतरी पट होते. बायकार्बोनेटपासून पुन्हा कार्बन डाय-ऑक्साइड होण्याची क्रिया आपण होऊन मंद गतीने चालते. कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज हे एंझाइम असेल तर ती अतिशय वेगाने होते. हे एंझाइम शैवलाने कार्बोक्सिसोमच्या आत, रुबिस्कोच्या शेजारी ठेविले आहे. बायकार्बोनेट कवचातून आत जाते, तेथे त्याचा कार्बन डाय-ऑक्साइड होतो, आणि बाहेर निसटण्यापूर्वी रुबिस्को तो बांधून टाकते.

ही उपपत्ती सुसंगत आहे. पण ती खरी कशावरून? १९८९ साली ऑस्ट्रेलियात प्राइस व बॅजर यांनी तिची कसोटी पाहिली. त्यांचा युक्तिवाद असा : कप्प्याचे सारे महत्त्व जर या एंझाइमाच्या जागेत असेल, तर तेच एंझाइम कप्प्याबाहेर, पेशीद्रवात सोडल्यास सगळी यंत्रणा कोलमडली पाहिजे. त्यांनी सिनेकोकॉकस या शैवलात मानवी कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेजचे जनुक घातले. पेशीतील एकूण प्रथिनांच्या सुमारे ०.३ टक्के इतकेच ते एंझाइम तयार झाले व ते पेशीद्रवात विरघळलेले राहिले. कार्बोक्सिसोमला कोणी हातही लावला नव्हता. तरीही पेशींची कार्बन साठविण्याची शक्ती गेली, आणि प्रकाशसंश्लेषण चालू राहण्यास बाहेरून फार अधिक कार्बन पुरवावा लागला. पंप बायकार्बोनेट आत आणीत, पण पेशीद्रवातच त्याचा वायू होऊन तो बाहेर पडे. नंतर त्या एंझाइमाला रोखणारे औषध दिले असता पेशी बव्हंशी पूर्वपदावर आल्या. एखादे उपयुक्त एंझाइम चुकीच्या जागी असणे हे ते मुळीच नसण्याइतकेच घातक ठरू शकते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा क्वचित मिळेल.

या प्रयोगाने एंझाइमाची जागा निश्चित झाली, पण कवच स्वतः काय करते हे अद्याप सांगावयाचे राहिले. २००५ साली कवचाच्या प्रथिनांची रचना स्फटिकांवरून उलगडली. सहा सहा प्रथिने मिळून षट्कोनी फरशी बनते, आणि अशा फरश्या एकमेकींना खेटून सपाट पृष्ठ तयार होते. प्रत्येक फरशीच्या मध्यभागी एक बारीक रंध्र असते. केवळ षट्कोनांनी बंद घन बनत नाही, हे भूमितीच सांगते. २००८ साली पंचकोनी घटकांची रचनाही समजली. वीस त्रिकोणी पृष्ठांच्या घनाला बारा शिरोबिंदू असतात, आणि त्या बारा जागी हे पंचकोन बसतात.

हॅलोथायोबॅसिलस या जीवाणूतील दोन प्रयोगांनी कवचाचे कार्य उघड झाले. २००८ साली संशोधकांनी आतील कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज नसलेले कार्बोक्सिसोम तपासले. कवच शाबूत असता रुबिस्कोला कार्बन डाय-ऑक्साइड पुरेसा मिळेना. कवच फोडले की ते नेहमीसारखे काम करू लागले. म्हणजे कवच या वायूच्या मार्गात खरोखरीच अडथळा आणते. २००९ साली पंचकोनी प्रथिने काढून टाकलेले वाण अभ्यासिले गेले. त्यांतील बहुतेक कार्बोक्सिसोम दिसावयास सर्वसाधारणच होते, आत एंझाइमेही होती. परंतु जीवाणूंना वाढण्यासाठी अधिक कार्बन डाय-ऑक्साइड लागू लागला. बारा कोपऱ्यांवरील बारा छिद्रांतून वायू गळत होता. सूक्ष्मदर्शकाला जो दोष नीट दिसला नाही तो जीवाणूच्या भुकेने दाखवून दिला. म्हणून या क्षेत्रात कप्पा दिसतो की नाही, एवढ्यावर कधी थांबत नाहीत. साध्या हवेत जीवाणू वाढतो की नाही, ही खरी परीक्षा मानतात.

आता दोन्ही भिंती शेजारी ठेवून पाहाव्यात. एक पाण्याला अडविते व वायूला मोकळे सोडते. दुसरी बायकार्बोनेट आत घेते व वायूची गळती रोखते. द्रव्य दोन्हीकडे प्रथिनच आहे. फरक आहे तो कोणती बाजू पाण्यापासून विन्मुख आहे, रंध्र कोठे आहे व जोड कसा बसला आहे, यात. स्निग्ध पटल लवचीक असते. ते फाटले तर जुळते आणि ताणले तर वाढते. प्रथिनभित्तीला ही सोय नाही. ती नेमक्या तुकड्यांची असल्यामुळे मोडली की मोडली, आणि एखादा तुकडा कमी पडला की गळू लागली.

या ज्ञानाचा व्यावहारिक कस आज पिकांच्या बाबतीत लागत आहे. तांदूळ, गहू, तंबाखू यांसारख्या वनस्पतींत रुबिस्को आहे पण कार्बोक्सिसोम नाही. २०१८ साली तंबाखूच्या हरितलवकांत साधे कार्बोक्सिसोम बांधण्यात यश आले. परंतु ती रोपे जादा कार्बन डाय-ऑक्साइडच्या हवेतच नीट वाढू शकली. तसे होणारच होते, कारण बायकार्बोनेट आत खेचणारे पंप तेथे नव्हते. शिवाय हरितलवकात मूळचेच कार्बॉनिक अ‍ॅनहायड्रेज असते. पंप बसविले तरी १९८९ चा प्रयोग तेथे आपोआप पुन्हा घडेल, अशी ही स्थिती. २०२० साली एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूत वीस जनुके घालून पंप, कार्बोक्सिसोम व योग्य जागी ठेवलेली एंझाइमे हा सारा संच एकत्र बसविण्यात आला, तेव्हा कोठे तो साध्या हवेतील कार्बनवर रुबिस्को चालवू शकला. नुसता कप्पा नेऊन भागत नाही, तर कप्प्याबाहेर जे असता कामा नये तेही काढून टाकावे लागते. जीवाणूची व्याख्या नकाराने करणे अपुरे ठरले खरे. परंतु कार्बोक्सिसोमच्या व्याख्येत मात्र पेशीद्रवातील एक ‘नाही’ अपरिहार्य आहे.